कोरं कापड अंगाला लागतं तेव्हा

*ताई, मे महिन्यात मेव्हणीच्या लग्नासाठी महाद्वार रोडवरून निळा रिंकल-फ्री शर्ट घेतला. आई म्हणाली, शुभकार्याला कोराच घालायचा, पाणी लावायचं नाही. दिवसभर घातला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काखेच्या पुढच्या कडेला, मानेला आणि कोपराच्या आतल्या घडीत लाल, खाजरं पुरळ उठलं. काखेच्या आत मात्र काही नाही. दोन आठवड्यांनी गेलं. मग शर्ट दोनदा धुवून गणपतीत घातला, तर पुन्हा तेच, जरा कमी. ऑफिसला मी वर्षानुवर्षं असेच शर्ट घालतोय, कधी काही झालं नव्हतं. आता दिवाळी आली. आमची लेक आठ महिन्यांची आहे. तिलाही कोरेच कपडे घालायचे, असा आईचा आग्रह आहे. काय करू?*
*एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर*

लेकीचं आधी सांगते, कारण तिथं थांबायला वेळ नाही. तिचे कपडे धुवूनच घाला, आणि एकदा नव्हे, दोनदा धुवा. आईंना कसं सांगायचं ते शेवटी बघू. आता तुमच्या शर्टाकडे येते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे काखेच्या आत काही झालं नाही आणि कडेला झालं. त्वचेचे डॉक्टर ही खूण मुद्दाम बघतात. अत्तर किंवा डिओडरंटचा त्रास असेल तर तो काखेच्या खोलगट भागात उठतो, कारण फवारा तिथंच बसतो. कापडाचा त्रास मात्र जिथं कापड घट्ट बसतं, घासतं आणि घामानं ओलं होतं तिथं उठतो. काखेचा खड्डा शर्टाला फारसा टेकत नाही, त्याची पुढची आणि मागची कड टेकते. मान, कोपराची घडी, पँट असेल तर कंबर, मांडीची आतली बाजू आणि गुडघ्यामागचा भाग ही त्याच जातीची ठिकाणं. तुम्ही सांगितलेला नकाशा शर्टाचाच आहे.

दुसरी खूण वेळेची. कांजी, खरखरीत शिवण किंवा धुताना राहिलेली साबणाची भुकटी यांनी त्वचा नुसती खरचटली असती, तर आग-आग त्याच दिवशी, बहुधा काही तासांतच सुरू झाली असती आणि शर्ट काढल्यावर लवकर निवली असती. तुमचं पुरळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं आणि दोन आठवडे राहिलं. साधारण एक-दोन दिवसांनी उठणं आणि रेंगाळणं ही ॲलर्जीची चाल आहे.

वर्षानुवर्षं असे शर्ट घातले तेव्हा काही झालं नाही, मग आताच का, हा प्रश्न तुम्हाला पडला असणार. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. शरीर एखाद्या पदार्थाला आधी ओळखून ठेवतं, आणि ही ओळख कधी काही आठवड्यांत तर कधी अनेक वर्षांनी पक्की होते. ती झाली की पुढच्या भेटीला एक-दोन दिवसांत पुरळ उठतं. म्हणजे लग्नाच्या आधीच तुमच्या अंगाला हा पदार्थ माहीत झाला होता. मे महिन्यातला उकाडा, दिवसभर घामानं भिजलेला शर्ट आणि कापडात धुण्याअभावी राहिलेला जादा माल, हे तिन्ही त्या दिवशी एकत्र आले.

तो पदार्थ कोणता, हे कळायला रिंकल-फ्री शर्ट कसा होतो ते माहीत हवं. मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम केलं. मागावरून उतरलेलं कापड, ज्याला आम्ही ग्रे म्हणतो, ते कांजीनं ताठ असतं, कारण सायझिंगमध्ये ताण्याला कांजी लावल्याशिवाय धागा मागावर टिकत नाही. प्रोसेसला आलं की ती कांजी काढायची, कापड उकळायचं, ब्लीच करायचं, रंगवायचं, आणि शेवटी फिनिश द्यायचं. दुकानात हात फिरवल्यावर जो मऊपणा, जो झोक आणि जो सुरकुतीचा अभाव जाणवतो, तो सगळा या शेवटच्या पायरीवर दिलेला असतो.

सुती कापडाला सुरकुती का पडते? कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. त्या एकमेकींना हलक्या बंधांनी धरून असतात. घाम किंवा पाणी लागलं की ते बंध सुटतात, साखळ्या सरकतात, आणि वाळताना जिथं दुमडल्या असतील तिथंच नव्यानं बंध धरतात. ती सुरकुती. रिंकल-फ्री करायचं म्हणजे या साखळ्यांमध्ये पक्के पूल बांधायचे, म्हणजे त्या सरकल्या तरी परत जागेवर येतात. हे पूल बांधणाऱ्या रसायनाला कारखान्यात सगळे नुसतं रेझिन म्हणतात. सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं रेझिन डीएमडीएचईयू, आणि ते बनतं फॉर्माल्डिहाइडपासून.

कापड या रेझिनच्या आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणातून काढून रोलरखाली पिळतात, वाळवतात आणि मग साधारण 150 अंशांवर काही मिनिटं भाजतात. या भाजण्याला क्युअरिंग म्हणतात. क्युअरिंग नीट झालं तर बरंचसं रेझिन सेल्युलोजला पकडून बसतं. घाईत उरकलं, तापमान कमी पडलं किंवा मशीन जोरात पळवलं, तर काही रेझिन अर्धवट राहतं आणि सुटं फॉर्माल्डिहाइड कापडात साचतं. त्यानंतर कापड एकदा धुतलं तर हा सुटा माल निघून जातो. पण धुण्याला पाणी लागतं, वाफ लागते, वेळ लागतो, आणि धुतलेलं कापड पुन्हा वाळवून फिनिश करावं लागतं. म्हणून अनेक ठिकाणी ही धुलाई होत नाही. जी धुलाई कारखान्यानं केली नाही, ती तुम्ही घरी करायची असते. नवा कपडा धुवा म्हणतात त्यामागचं सगळ्यात ठोस कारण मला हेच वाटतं.

आमच्या कारखान्यात एकदा असा लॉट आला होता. गठ्ठा फोडल्याबरोबर डोळे झोंबले आणि कापडाला माशासारखा वास. तो वास अर्धवट क्युअर झालेल्या रेझिनमधून सुटलेल्या अमाइनचा असतो. आम्ही लॉट परत धुवून घेतला. तेव्हापासून मी दुकानात नवा शर्ट घेताना कॉलरच्या आतल्या बाजूला नाक लावून बघते. तिखट झोंबरा वास किंवा माशासारखा वास आला तर ठेवून देते. वास न आला म्हणून कापड साफ आहे असं मात्र धरू नका. ॲलर्जी झालेल्या माणसाला नाकाला न कळणारी मात्राही पुरते.

प्रयोगशाळेत हे मोजायची एक पद्धत साधी होती. बरणीत थोडं पाणी घ्यायचं, त्याच्यावर एक ग्रॅम कापड पाण्याला न टेकता टांगायचं, झाकण घट्ट लावायचं आणि 49 अंशांवर वीस तास ठेवायचं. कापडातून निघालेलं फॉर्माल्डिहाइड पाण्यात उतरतं. मग त्यात एक रसायन घातलं की पाणी पिवळं होतं. जितकं गडद पिवळं, तितकं फॉर्माल्डिहाइड जास्त. ही बरणी आणि मे महिन्यात घामानं भिजलेली काख यांत मला नेहमीच साम्य वाटत आलं. ऊब, ओल आणि बंद जागा मिळाली की कापडातलं फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं.

किती मात्रा चालते? जपाननं 1973 मध्ये कायदा करून अंगाला लागणाऱ्या कपड्यांत किलोमागे 75 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांत ते जवळपास नसावंच असं ठरवलं. युरोपियन युनियनमध्येही 1 नोव्हेंबर 2020 पासून कपड्यांना 75 मिलिग्रॅमची मर्यादा लागू झाली. तुमचा शर्ट 200 ग्रॅमचा धरला तर ही मर्यादा म्हणजे अख्ख्या शर्टात 15 मिलिग्रॅम. ज्या त्वचेला ॲलर्जी नाही तिला त्याचं काही वाटत नाही. म्हणूनच दुकानातून घेतलेला शर्ट बहुतेकांना काही करत नाही, आणि आई म्हणतात तेही खरं असतं, की आम्ही सगळ्यांनी कोरेच घातले, काही झालं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जी तुम्ही पत्रात सांगितली: दोनदा धुवूनही पुरळ आलं, पण कमी आलं. यातच उत्तर आहे. फॉर्माल्डिहाइड पाण्यात अगदी सहज विरघळतं. त्यामुळे सुटा माल, कांजीचे अवशेष, जादा सॉफ्टनर आणि न चिकटलेला रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत बराचसा निघतो. सेल्युलोजला बांधलेलं रेझिन मात्र धुण्यानं निघत नाही. निघालं असतं तर शर्ट रिंकल-फ्री राहिलाच नसता. ते बांधलेलं रेझिन घामाच्या ओलीत आणि उबेत हळूहळू फुटतं आणि थोडंथोडं फॉर्माल्डिहाइड सोडत राहतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवेत पडून राहिलेल्या कापडात ते पुन्हा साचतं. म्हणून धुणं हा इतरांसाठी चांगला बचाव आहे, पण तुमच्यासाठी तो पुरेसा नाही. तुम्हाला असा शर्टच नको.

पण थांबा, दुसरा संशयित बाकी आहे. तुम्ही शर्ट निळा आहे असं लिहिलंय. कापड निव्वळ सुती असेल तर रंग बहुधा तंतूला रासायनिक बंधानं धरलेला असतो आणि तो ॲलर्जी क्वचितच करतो. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर त्या भागात डिस्पर्स रंग वापरतात. हे रंग तंतूला बांधलेले नसतात, त्यात नुसते विरघळून बसलेले असतात. कच्चं काम असेल तर घामानं आणि घासण्यानं ते त्वचेवर उतरतात. कपड्यांच्या ॲलर्जीत डिस्पर्स ब्लू 106 आणि 124 ही नावं पुन्हापुन्हा येतात, म्हणजे गडद निळे आणि काळे कपडे. शेरवानी आणि घागऱ्यांची स्वस्त सिंथेटिक अस्तरं यात येतात.

घरी बघायचं तर शिवणीच्या आत मोकळ्या राहिलेल्या कापडातून दोनचार धागे काढा आणि चिमट्यात धरून पेटवा, पाण्याचा वाडगा शेजारी ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो आणि हलकी राखाडी राख राहते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं. मग ओल्या पांढऱ्या रुमालानं शर्टाच्या आतली बाजू वीसेक वेळा घासा. रुमालाला निळसर डाग लागला तर रंग सुटतोय हे नक्की. नुसती राख झाली आणि रुमाल स्वच्छ राहिला, तर माझा संशय रेझिनवर जास्त आहे. तुमचं दुसऱ्या वेळचं पुरळ कमी होतं, तेही त्याच बाजूला बोट दाखवतं. तरी हा अंदाजच. खात्री पॅच टेस्टनंच होते.

त्वचारोगतज्ज्ञ संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर पट्टीखाली लावतात, ती पट्टी 48 तास ठेवतात, काढून बघतात आणि पुन्हा साधारण 96 तासांनी बघतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा येतात. तेवढे दिवस पाठीला पाणी आणि घाम नको, म्हणून थंडी पडू लागल्यावरची तारीख घ्या. शर्टाच्या आतल्या शिवणीतून दोन इंचांचा तुकडा कापून सोबत न्या. तयार संचात फॉर्माल्डिहाइड असतं, पण तुमचं नेमकं रेझिन नसेलही, आणि तुकडाच पाठीवर लावून बघता येतो. फॉर्माल्डिहाइडची ॲलर्जी निघाली तर घरातला शाम्पू आणि लोशनही तपासावी लागतील. डीएमडीएम हायडँटोइन आणि क्वाटर्नियम-15 ही लेबलवरची नावं असतील तर ती उत्पादनं हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडतात.

तोवर कळकळीनं सांगते, मेडिकलमधून तीन-चार औषधांची मिसळ असलेली मलमाची ट्यूब आणून लावू नका. त्यात स्टिरॉइड असतं. काखेतला आणि जांघेतला नायटा आपल्या दमट हवेत सर्रास होतो, आणि पहिल्या नजरेत तो असाच वाटतो. कड गोल, उठावदार, आणि वर्तुळ बाहेर सरकत जात असेल तर तो नायटा असू शकतो, आणि स्टिरॉइडनं तो दबून पसरतो. पुरळ फुटून पाणी येत असेल, पापण्या किंवा चेहरा सुजत असेल, ताप असेल, तर तारीख न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

शर्ट घरातल्या कुणाला हवा असेल तर द्या, ज्याला त्रास नाही त्याला तो चालेल. यापुढं तुम्ही लेबलवर रिंकल-फ्री, नॉन-आयर्न, इझी केअर, अँटी-क्रीज लिहिलेलं काही घेऊ नका. मुठीत मिनिटभर चुरगळून सोडल्यावर ज्याला सुरकुती राहते, ते साधं सुती कापड तुमचं. इस्त्रीचं काम वाढेल. शिवून घ्या, आणि शिवायच्या आधी कापड भिजवून वाळवा, म्हणजे आटायचं ते आटेल आणि जायचं ते जाईल.

आता लेकीचे कपडे. पिना, टॅग, कॉलरमधला पुठ्ठा काढा. कपडा उलटा करा, हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात नेहमीच्या साबणाच्या निम्म्या मापात अर्धा-पाऊण तास भिजत ठेवा, धुवा, आणि पाणी बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत खळबळा, बहुधा तीनदा. हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. गडद कपडा वेगळा. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्यानं आणखी एक लेप बसतो. मीठ किंवा तुरटी घातल्यानं तयार कपड्याचा रंग पक्का होत नाही, त्याच्या भरवशावर पांढऱ्यासोबत टाकू नका. वारा लागेल अशा ठिकाणी वाळवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत परत घालू नका. कोल्हापुरात परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत रेंगाळतो, म्हणून खरेदी आठ-दहा दिवस आधी उरका.

जरीचा, जाळीचा फ्रॉक असेल आणि तो धुण्याजोगा नसेल, तर पिशवीतून काढून चार दिवस वाऱ्यावर टांगा आणि आत मऊ सुती झबलं, मानेपर्यंत आणि काखेपर्यंत झाकणारं, घाला. फ्रॉक आरती आणि फोटोपुरता, मग लगेच काढा. बाळाची त्वचा पातळ असते आणि तिला बोलून सांगता येत नाही, म्हणून घालून झाल्यावर दोन दिवस मानेच्या घड्या, काख आणि कमरेची रेघ बघत रहा.

आईंना सांगताना शास्त्र सांगू नका. त्यांना विचारा, तुम्ही स्वतः जन्मलात तेव्हा पहिलं झबलं कशाचं होतं? आपल्याकडे तान्ह्या बाळाला जुन्या धुतल्या धोतराचं, आजीच्या मऊ लुगड्याचं झबलं आणि दुपटं घालायची रीत आहे. शंभरदा धुतलेलं कापडच बाळाला योग्य, हे आधीच्या बायकांना ठाऊक होतं. कोऱ्या कपड्याचा मान तर कपडा घरात येतो तेव्हा द्यायचा असतो. घरी आणल्यावर देवापुढं ठेवा, आईंच्या हातानं आतल्या शिवणीला हळदकुंकवाचं बोट लावून घ्या, एक दिवस तसंच राहू दे. दुसऱ्या दिवशी धुवायला टाका. हळदीचा डाग आतल्या बाजूला राहिला तर राहू दे, त्यावरून आईंनाही कळेल की हा कपडा देवापुढं ठेवलेलाच आहे.